दुसरा अंतरा कोणी वाचला? : नागपुरातील शाळांच्या स्नेहसंमेलन समित्यांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय मुख्याध्यापक आणि स्नेहसंमेलन समितीचे सर्व सदस्य,
नागपूर शहर व परिसरातील शाळा

सप्रेम नमस्कार.

आम्ही नागपुरातल्या शाळांमध्ये संगीत शिकवणारे, गॅदरिंगचे नाच बसवणारे आणि विंगेत उभे राहून ट्रॅक लावणारे लोक आहोत. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की आमचा हंगाम सुरू होतो आणि जानेवारीच्या शेवटापर्यंत चालतो. यंदा बऱ्याच ठिकाणी एकच निर्णय झालेला दिसतो: गाणी निवडण्याचे काम नाच बसवणाऱ्या बाहेरच्या मंडळींकडे द्यायचे, आणि कोणी हरकत घेतली तर "तो शब्द म्यूट करून टाकू" असे सांगायचे. हा निर्णय आम्हाला मान्य नाही. नुसते नाव लिहून दिलेल्या गाण्यांवर मुलांना उभे करण्याचे काम शेवटी आमच्याच हातून होते. म्हणून हे पत्र तुम्हाला आहे, आणि पालकांनीही वाचावे म्हणून उघडे आहे.

पहिली तक्रार अशी की समितीपुढे गाणे येत नाही, गाण्याचे नाव येते. कागदावर इयत्ता, गाण्याचा मुखडा आणि ड्रेसचा रंग, एवढेच तीन रकाने असतात. मुखडा बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो, कारण तो जाहिरातीसाठीच लिहिलेला असतो. मुखड्यात पाऊस, मोर, छत्री. पहिल्या अंतऱ्यात भिजलेली माती. आणि दुसऱ्या अंतऱ्यात भिजलेला पदर आणि त्याकडे खिडकीतून बघणारा कोणीतरी. तो दुसरा अंतरा समितीच्या कानावर पहिल्यांदा पडतो रंगीत तालमीला. तोवर ड्रेपरीवाल्याला आगाऊ रक्कम गेलेली असते, नाच बसलेला असतो, आणि मग कोणी काही बोलत नाही.

भाषेची गोष्ट आणखी निराळी. पंजाबी, हरयाणवी, तेलुगू गाणी किंवा मधेच येणारा इंग्रजी रॅप यांचा अर्थ समितीतल्या एकालाही सांगता येत नाही. "चाल छान आहे, मुलांना आवडते" यावर गाणे पास होते. मात्र सभागृहात तीच भाषा बोलणारे दहा-वीस पालक असतातच. नागपूर असे शहर आहे की रेल्वे, बँका, कोळसा खाणी, लष्कर यांच्या नोकऱ्यांमुळे प्रत्येक वर्गात चार भाषांची घरे सापडतात. ते पालक माना खाली घालून बसलेले विंगेतून स्पष्ट दिसतात.

शब्द तपासायचे म्हणजे वाईट शब्दांची यादी समोर ठेवून खुणा करायच्या, असे नव्हे. त्या यादीत दारू, पेग, जवानी, कंबर सापडेल. पण एकही वाईट शब्द नसलेले गाणेही सात वर्षांच्या मुलीसाठी चुकीचे असू शकते. आम्ही तीन प्रश्न विचारतो. या गाण्यातला 'मी' कोण आहे आणि तो कोणाशी बोलतो आहे? त्या 'मी'ला समोरच्याकडून काय हवे आहे? आणि गाण्यात कोणाला हसले जाते आहे, काळ्या रंगाला, जाड माणसाला, खेड्यातून आलेल्याला, बायकी वागणाऱ्या मुलाला? मंचावर मूल ओठ हलवते तेव्हा गाण्यातला 'मी' ते मूलच होते. दुसरीतली मुलगी 'माझ्याकडे बघ ना, वेळ निघून चाललाय' असे कोणाला तरी सांगत उभी राहते. शब्द सगळे शुद्ध, पण बोलणारी व्यक्ती पंचवीस वर्षांची. हा प्रश्न विचारला की निम्मी यादी आपोआप गळते.

एक सोपी कसोटीही आहे. पूर्ण गाणे, संगीताशिवाय, कविता वाचतो तसे शिक्षक-खोलीत मोठ्याने वाचायचे. परभाषेतले असेल तर मराठीत अर्थ सांगत वाचायचे. वाचणाऱ्याला जिथे थांबावेसे वाटते तिथे गाणे संपले.

दुसरी तक्रार त्या म्यूट करण्याबद्दल. हा उपाय का चालत नाही, हे तांत्रिक अंगाने समजून घ्यावे अशी विनंती आहे. नाच आठच्या काउंटवर बसतो. गाण्याची लय मिनिटाला १०० ठोके असेल तर एक ठोका ०.६ सेकंदाचा आणि एक आठ ४.८ सेकंदांचा. आता दोन ठोक्यांचा एक शब्द कापून टाकला तर ती ओळ आठच्या ऐवजी सहावर संपते. मूल मात्र अंगात बसलेला आठच मोजत राहते, आणि तिथून पुढे ते गाण्याच्या दोन ठोके मागे पडते. मुले "विसरली" असे पालकांना वाटते. खरे तर मुले बरोबर असतात, ट्रॅक चुकलेला असतो. कापण्याऐवजी तेवढी जागा शांत ठेवली, तर लहान मुले शांततेत घाई करतात आणि पुढच्या ओळीच्या आधीच हात वर करून मोकळी होतात. शिवाय ती रिकामी जागा सभागृह भरून काढते. मागच्या रांगेतली मोठी मुले नेमका तोच शब्द ओरडतात आणि जो लपवायचा तो सगळ्यांत मोठ्याने ऐकू येतो. कापायचेच असेल तर पूर्ण अंतरा, आठच्या हद्दीवर, त्याच्या आधीच्या संगीतासकट कापावा लागतो. आणि एवढे कापून जे उरते ते गाणे मुळात का घेतले, असा प्रश्न पडतो.

"मग नुसते म्युझिक वाजवू" हाही पर्याय सुचवला जातो. चाल ओळखीची असेल तर शब्द लोकांच्या डोक्यात चालूच असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्टेप बदललेली नसते. ती मूळ व्हिडिओतून, त्या शब्दावर बसवलेली असते. शब्द गेला, कमरेचा झटका राहिला. जून २०१९ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना याच गोष्टीबद्दल सूचनापत्र काढले होते: नृत्याच्या रिॲलिटी शोमध्ये लहान मुलांना मोठ्यांच्या चित्रपटांतले, वयाला न शोभणारे हावभाव करायला लावू नयेत. वाहिन्यांना जे सांगावे लागले ते शाळांना लागू नाही असे कसे म्हणायचे?

चित्रपटाच्या प्रमाणपत्राचा आधारही घेता येतो, पण अर्धाच. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाल्यावर 'यूए' वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे झाले. ज्या चित्रपटावर १३+ किंवा १६+ आहे, त्यातले गाणे तिसरीच्या वर्गाला देऊ नये, एवढे तरी सहज ठरवता येईल. उलट बाजूने मात्र हा नियम चालत नाही. प्रमाणपत्र पूर्ण चित्रपटाचे असते. 'यू' चित्रपटातही प्रियकर-प्रेयसीची गाणी असतात. म्हणून शब्द वाचणे टळत नाही.

तिसरी तक्रार मॅशअपची. चार मिनिटांत पाच-सहा गाण्यांचे तुकडे जोडायचे, ही आता पद्धतच झाली आहे. एकाच मंडळीकडून चार शाळा नाच बसवून घेतात आणि चारही ठिकाणी तोच ट्रॅक वाजतो, हे सोडून देऊ. अडचण लयीची आहे. पहिला तुकडा मिनिटाला १२८ ठोक्यांचा, दुसरा ९५चा, तिसरा १४०चा. मोठ्या नर्तकांना हा बदल पेलतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला नवी लय अंगात घ्यायला एखाद-दोन आठ लागतात, आणि ती सापडते तोवर तुकडा संपत आलेला असतो. ओळखायची खूण एकच: मुले प्रेक्षकांकडे न बघता एकाच कोपऱ्याकडे बघत असतात. तिथे, मंचाखाली, मॅडम सगळा नाच करून दाखवत उभ्या असतात. असा नाच बसलेला नसतो, नुसता नकललेला असतो.

लय मोजायला यंत्र लागत नाही. घड्याळ लावून पंधरा सेकंद टाळ्या वाजवायच्या आणि आलेल्या आकड्याला चारने गुणायचे. आमच्या अनुभवात बालवाडीला ९० ते १००, पहिली-दुसरीला १०० ते ११०, तिसरी-चौथीला १२० पर्यंतची लय झेपते. लांबी बालवाडीला दीड मिनिट, पहिली-दुसरीला दोन मिनिटे, चौथीपर्यंत अडीच. त्याहून मोठे गाणे घेतले की शेवटच्या मिनिटात मुले थकत नाहीत, पण कंटाळून एकमेकांशी बोलायला लागतात.

"मग घ्यायचे तरी काय?" हा प्रश्न रास्त आहे, आणि दरवेळी तीच ती बालगीते घ्या असे आमचे म्हणणे नाही. आपल्या नागपुरात विषय पायाशी पडले आहेत. एक उदाहरण पूर्ण मांडतो. दुसरीचा वर्ग, २८ मुले, विषय तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल सजवून दारोदार न्यायचा आणि बोजारा मागायचा, हे यातल्या बहुतेक मुलांनी स्वतः केलेले असते. गाणे बाहेर शोधायची गरज नाही. वर्गशिक्षिका आणि संगीतशिक्षक मिळून दोन-तीन तासिकांत ते मुलांकडूनच तयार करून घेऊ शकतात. मुखडा असा:

लाकडाचा नंदी माझा, चाकावरती डुले
पायी चाकं, गळी घंटा, शिंगावरती फुले

आणि पहिला अंतरा:

आजी, आम्ही दारी आलो, बैल माझा भुकेला
बोजारा द्या, बोजारा द्या, चारा घालू बैलाला

यात 'मी' सात वर्षांचा आहे, बोलतो आहे शेजारच्या आजीशी, आणि त्याला हवे आहेत बोजाऱ्याचे पैसे. तिन्ही प्रश्न सुटले. प्रत्येक ओळीचे दोन भाग आहेत, आठ अक्षरे आणि सात अक्षरे. एका ठोक्यात दोन अक्षरे घेतली की एक ओळ बरोबर एका आठमध्ये बसते, शेवटचे अक्षर जरा लांबवायचे. केरव्याचा साधा ठेका, ढोलकी आणि घुंगूर पुरे.

१०० च्या लयीत दोन मिनिटे म्हणजे २०० ठोके, म्हणजे २५ आठ. प्रवेशाला चार आठ, मुखडा दोनदा म्हणजे चार, पहिला अंतरा दोनदा म्हणजे चार, मुखडा एकदा म्हणजे दोन, मधल्या संगीताला दोन, दुसरा अंतरा दोनदा म्हणजे चार, पुन्हा मुखड्याला दोन, बाहेर पडायच्या हालचालीला दोन, आणि शेवटी स्थिर उभे राहायला एक. हा हिशेब फळ्यावर लिहून ठेवला की ट्रॅक नसतानाही तालीम घेता येते.

हालचाली फक्त चार: बैलासारखे डोलणे, दोरी ओढत चालणे, हात पसरून मागणे, वाकून चारा घालणे. चारही शब्दांतूनच निघाल्या आहेत, त्यामुळे मूल शब्द विसरले तर हाताने आठवते आणि हात विसरले तर शब्दाने. सात-सात मुलांच्या चार रांगा. हात पसरल्यावर एका मुलाला साधारण तीन फूट लागतात, म्हणजे सात मुलांना एकवीस फूट. तीस फुटी मंचावर दोन्ही बाजूंना जागा उरते. मागच्या रांगेतले मूल पुढच्या दोघांच्या मधल्या फटीत उभे करायचे. रांगा एकमेकींतून आरपार नेण्याचा मोह टाळावा. मधल्या संगीताच्या दोन आठांत पुढच्या दोन रांगा मागे आणि मागच्या पुढे, एवढा एकच बदल. त्याने मागच्या मुलांचे आईवडील समाधानी राहतात, हा फायदा लहान नाही.

इथे एक चूक हमखास होते. उत्साहाने अठ्ठावीस लाकडी बैल मंचावर आणले जातात. मंचाला थोडा जरी उतार असला तरी बैल प्रेक्षकांकडे चालू लागतात आणि दोऱ्या पायात अडकतात. लाकडी बैल चारच ठेवा, पुढच्या रांगेतल्या चौघांकडे, दोरी दोन फुटांची. बाकीच्यांकडे पुठ्ठ्याचा बैल, काठीवर लावलेला. कपडे घरातले: सदरा किंवा परकर-पोलके, आत स्वेटर घालता येईल इतके सैल. डिसेंबरच्या रात्री उघड्या लॉनवर नागपूरची थंडी काय असते ते आपण जाणतोच. पाठ उघडी असलेल्या चकचकीत ड्रेसमधली मुले आपली पाळी येईपर्यंत दीड-दोन तास कुडकुडत बसतात.

तालमी अर्ध्या तासाच्या बारा पुरतात. पहिल्या तीन तालमींत पाय हलवायचाच नाही, नुसते गायचे. ज्या मुलाला गाणे म्हणता येते त्याला काउंट वेगळा शिकवावा लागत नाही. पुढच्या सहांत हालचाली, शेवटच्या तीन प्रत्यक्ष मंचाच्या मापाच्या जागेत, खडूने रांगा आखून.

ओळखीच्या सिनेमाच्या गाण्याला जशा टाळ्या पडतात तशा याला पडणार नाहीत, ही समितीची भीती आम्हाला ठाऊक आहे. त्यावर आमच्याकडे एक उपाय आहे. मुखड्याच्या दोन ओळी निमंत्रणपत्रिकेच्या मागे छापा. मुले घरी दोन महिने तेच गुणगुणत असतात, पालकांना ते पाठ झालेलेच असते. शेवटच्या मुखड्याला ढोलकी सोडून बाकी वाद्ये थांबवली की सभागृह गाते.

लोकगीत आहे म्हणून आंधळेपणाने घ्यावे असेही नाही. भुलाबाईची गाणी आपली, विदर्भाची; भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली ती म्हणतात. त्यांतली खेळाची, खाऊ ओळखायची गाणी चौथी-पाचवीच्या मुलींना फार छान शोभतात, आणि खिरापत ओळखण्याचा खेळ मंचावर प्रेक्षकांबरोबरही रंगतो. पण त्याच गाण्यांत सासुरवासाची, सुनेला मारण्याची वर्णनेही आहेत. ती वाचून बाजूला ठेवावीत. लावणीबद्दलही हेच. लावणी वाईट नाही, शृंगाराची लावणी नऊ वर्षांच्या मुलीला देणे वाईट. कलगी-तुऱ्यातल्या सवाल-जवाबाच्या भेदिक रचना, खडी गंमतीतली ढोलकी, झडत्या म्हणण्याची पद्धत, हे सारे सहावी-सातवीच्या मुलामुलींना देता येते. कोडे घालणारी एक रांग, उत्तर देणारी दुसरी.

आठवी-नववीची गोष्ट वेगळी आहे हे मान्य. त्यांना लाकडी बैल दिला तर ती मुले गॅदरिंगलाच येणार नाहीत. त्यांना गाणे निवडू द्या, फक्त निवडलेले पूर्ण गाणे त्यांनीच वर्गात, शिक्षकांसमोर, मोठ्याने वाचावे आणि वर सांगितलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. मुले आपणहून दोन गाणी खोडतात आणि तिसरे आणतात.

चौथी तक्रार व्हिडिओची, आणि ती थोडक्यात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक यांच्यापुढे गाणे वाजवायला मोकळीक आहे. तेच चित्रीकरण शाळेच्या चॅनेलवर सगळ्यांसाठी टाकणे त्या मोकळीकीत बसत नाही, म्हणूनच अशा व्हिडिओंचा आवाज पुष्कळदा बंद केला जातो. आवाज गेला तरी चित्र राहते. तीन मिनिटांचा नाच संपतो. आठ वर्षांच्या मुलीचे ते हावभाव कोणीही, कुठूनही, कितीही वेळा थांबवून बघू शकतो. शाळेने स्वतः बांधलेल्या गाण्याला यातली एकही अडचण येत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. प्रत्येक गाण्याचे पूर्ण शब्द, सगळे अंतरे, रॅप आणि मधले संवाद यांसह, मराठी अर्थासोबत, दिवाळीच्या सुट्टीआधी समितीपुढे यावेत. ड्रेपरीला आगाऊ रक्कम त्यानंतरच द्यावी.

२. त्या कागदावर वर्गशिक्षक, एक भाषाशिक्षक आणि त्या इयत्तेतला एक पालक यांच्या सह्या असाव्यात. परभाषेचे गाणे ती भाषा जाणणाऱ्या पालकाला दाखवल्याशिवाय पास करू नये.

३. एखादा शब्द वगळावा लागत असेल तर पूर्ण गाणे वगळावे. नुसते म्युझिक हा पर्याय नको.

४. चौथीपर्यंत मॅशअप नको. एक गाणे, एक लय, अडीच मिनिटांच्या आत.

५. पहिली ते चौथीच्या प्रत्येक इयत्तेचे निदान एक गाणे शाळेत बांधलेले असावे. ज्या शाळेत संगीतशिक्षक नाहीत तिथे शेजारच्या शाळेच्या शिक्षकांना चार तासिकांसाठी बोलवावे. आमच्यापैकी काही जण यायला तयार आहेत.

६. नाच बसवणाऱ्या मंडळींना गाणी शाळेने द्यावीत, त्यांनी शाळेला नव्हे. व्हिडिओ पालकांना पेनड्राइव्हवर द्यावा, खुल्या चॅनेलवर टाकू नये.

ज्या शाळांची यादी अजून ठरलेली नाही, त्यांनी या पत्रातल्या तीन प्रश्नांनी ती आधी तपासावी. ज्यांची ठरली आहे, त्यांनी निदान दुसरे अंतरे कागदावर मागवावेत. आणि ज्यांच्या तालमी सुरू झाल्या आहेत त्यांनाही सांगतो, बारा तालमींचे गाणे तीन आठवड्यांत सहज बसते.

आपले,
नागपुरातील काही संगीत व नृत्य शिक्षक